लाल फुलांचा चहा आणि प्रेशर: किती घ्यावा, केव्हा थांबवावा आणि गरोदरपणी का नको

मे महिन्यातली दुपार होती. फोंड्यातल्या माझ्या फार्मसीत ओळखीच्या एक मावशी आल्या आणि चक्करेची गोळी मागितली. वय बासष्ट, डिचोलीकडच्या. गेली सहा वर्षं प्रेशरची गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन ४० मध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिसळलेली. "बाय, पहाटे उठले की भोवळ येते. मानेचंच असणार," म्हणाल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, अलीकडे खाण्यापिण्यात नवीन काय आलं? बराच वेळ काही आठवेना. मग म्हणाल्या, "तो लाल फुलांचा चहा घेते महिनाभर. पण ते औषध नव्हे गो, फुलंच ती."

हा लेख त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिते आहे. हा चहा प्रेशर उतरवतो, आणि म्हणूनच तो औषधासारखा मोजून घ्यायला हवा. मावशींचं काय झालं ते पुढे सांगते. आधी फूल कोणतं ते पाहू, कारण गोव्यात पहिली चूक तिथेच होते.

फूल कोणतं?

अंगणात गणपतीला वाहायला लावलेली जास्वंद, जिला आपल्याकडे कोकणीत दासण म्हणतात, ती या चहाची नव्हे. प्रेशरसाठी ज्या वनस्पतीवर प्रयोग झाले ती लाल अंबाडी, इंग्रजीतलं रोझेल, शास्त्रीय नाव हिबिस्कस सॅबडॅरिफा. दोघी एकाच कुळातल्या, म्हणून पाकिटावर दोघींनाही 'हिबिस्कस' म्हणतात. गोव्यात त्यात आणखी एक भर पडते. बाजारात 'अंबाडी' मागितली की समोरच्याला आंबाडे ऐकू येतात, म्हणजे उड्डमेथीत घालतो ती आंबट फळं. ते झाडच वेगळं.

लाल अंबाडीचं फूल फिकट पिवळं असतं, मधोमध गडद लाल ठिपका. चहाला ते फूल वापरतच नाहीत. पाकळ्या गळून गेल्यावर देठाशी उरलेलं हिरवट-लाल आवरण फुगतं, मांसल होतं, गर्द लाल होतं. ते सोलून आतली बोंडी काढून टाकतात आणि बाहेरचं आवरण वाळवतात. म्हणून वाळलेला तुकडा हातात घेतला तर तो चामड्यासारखा जाड, काळपट लाल, टोकदार पाच बोटांचा दिसतो, आणि जिभेवर ठेवला की कोकमासारखा आंबट लागतो. जास्वंदीची वाळलेली पाकळी कागदासारखी पातळ असते, भिजली की बुळबुळीत होते आणि आंबट लागत नाही. एवढी परीक्षा घरी सहज होते.

जास्वंदीचा चहा विष आहे असं मी म्हणत नाही. पण माणसांवर मोजमाप करून झालेले प्रयोग लाल अंबाडीचे आहेत. तिच्या नावावरचे आकडे दासणीला लावता येत नाहीत. आणि गरोदरपणाच्या बाबतीत तर दासणीची गोष्ट जास्तच वेगळी आहे. तिच्याकडे शेवटी येते.

पाकीट घेताना मागची यादी वाचा. पुष्कळ मिश्रणांत गोडी यावी म्हणून ज्येष्ठमध घालतात. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर प्रेशर वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. म्हणजे एकाच कपात एक खाली ओढणारं आणि एक वर ढकलणारं. प्रेशरवाल्यांनी असं मिश्रण घेऊच नये. पाकिटात फक्त लाल अंबाडी असावी.

प्रेशर किती उतरतं?

अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला सगळ्यांत उपयोगी वाटतो, कारण त्यातलं प्रमाण आपल्या स्वयंपाकघरात जमण्यासारखं आहे. पासष्ट माणसं होती, सगळ्यांचं प्रेशर किंचित वाढलेलं, आणि कोणीही प्रेशरची गोळी घेत नव्हतं. निम्म्यांनी दिवसाला तीन कप लाल अंबाडीचा चहा घेतला, एका कपाला २४० मिली पाणी आणि १.२५ ग्रॅम सुका माल. सहा आठवड्यांनी त्यांचा वरचा आकडा सरासरी सातने उतरला. ज्यांनी तसाच दिसणारा-लागणारा खोटा चहा घेतला त्यांचा एकाने.

सात म्हणजे १४० चे १३३. यातून दोन गोष्टी निघतात. १६५ वरचं प्रेशर एवढ्या चहाने आटोक्यात येणार नाही, त्याला गोळीच हवी. आणि ज्याचं प्रेशर गोळीने आधीच १२० वर आलं आहे, त्याच्या बाबतीत हेच सात चुकीच्या बाजूला जाऊ शकतात. शिवाय सात ही सरासरी. कोणाचं काहीच उतरत नाही, कोणाचं वीसने उतरतं. तुम्ही कोणत्या गटातले, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

कशामुळे उतरतं? लाल रंग देणारी द्रव्यं रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एका संप्रेरकाची वाट अडवतात, वाहिन्या सैलावतात आणि लघवीही थोडी वाढते. आता प्रेशरच्या गोळ्यांची आठवण करा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन याच वाटेवर काम करतात, आणि हायड्रोक्लोरोथायझाइड लघवी वाढवतं. म्हणजे चहा आणि गोळी एकाच दोरीला एकाच बाजूने ओढतात. मावशींच्या गोळीत या दोन्ही जाती होत्या.

एवढं असूनही, या विषयावरचे सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन गटाने २०२१ मध्ये निष्कर्ष काढला की ठाम शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही. प्रयोग लहान आहेत, आठवड्यांचे आहेत. म्हणून गोळी सोडून चहा, हा सौदा मी कोणालाही सुचवत नाही.

सुरू करण्याआधीचा आठवडा

पहिला कप करण्याआधी सात दिवस प्रेशर मोजून लिहून काढा. हे टाळू नका, कारण नंतर चहाने काय केलं हे ठरवायला दुसरा आधार नसतो.

दंडाला गुंडाळायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-कॉफी आणि गोळी घेण्याआधी मोजायचं. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय न चढवता पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. संध्याकाळी पुन्हा तसंच. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर प्रेशर वाढलेलं आहे असं समजतात.

त्यासोबत आठवड्यातून दोनदा उभ्याने मोजा. आधी पाच मिनिटं आडवं पडायचं किंवा बसायचं, मोजायचं, मग उठून उभं राहायचं आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. उठल्यावर वरचा आकडा वीस किंवा जास्त पडला, किंवा खालचा दहा किंवा जास्त पडला, तर तुमचं शरीर उठताना प्रेशर सावरू शकत नाही. अशा माणसाने हा चहा सुरू करू नये, डॉक्टरांकडे जावं. ही उभ्याची मोजणी घरी कोणीच करत नाही. बसून ११६ दिसलं की सगळे खूश. पण माणूस न्हाणीघरात पडतो तो उठताना.

वही हातात आल्यावर कोणी सुरूच करू नये ते सांगते. गरोदर बाई, गर्भ राहावा असा प्रयत्न करणारी, अंगावर पाजणारी. ज्यांचा वरचा आकडा आधीच ११५ च्या खाली राहतो ते. मूत्रपिंडाचा आजार असलेले. आणि गेल्या वर्षभरात उठताना पडलेली वयस्क माणसं. प्रेशरची, हृदयाची किंवा प्रोस्टेटची गोळी (टॅम्स्युलोसिनसारखी, तीही प्रेशर उतरवते) चालू असेल तर वही घेऊन डॉक्टरांना विचारा आणि मगच. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनीही विचारावं, कारण साखर थोडी खाली येऊ शकते.

डॉक्टरांना "फुलांचा चहा घेऊ का" असं विचारलंत तर बहुधा "घ्या की" असं उत्तर मिळेल. त्यांच्या डोळ्यांसमोर गुलाबाचा चहा असतो. "लाल अंबाडी, रोझेल, प्रेशर उतरवते ती, दिवसाला सव्वा ग्रॅमचा एक कप" असं विचारा.

कप कसा करायचा

सगळी गडबड 'मूठभर' या मापाने होते. मावशींना मी घरून त्यांचा माल आणायला सांगितला आणि त्यांच्याच मुठीने फार्मसीतल्या काट्यावर टाकायला लावला. चार ग्रॅम भरला. अशा दोन मुठी रोज, दहा मिनिटं खळखळ उकळून. दिवसाला आठ ग्रॅम, म्हणजे बोस्टनच्या प्रयोगातल्या पावणेचार ग्रॅमच्या दुपटीहून जास्त. आणि प्रयोगातली माणसं गोळीशिवायची होती हे लक्षात घ्या. मेक्सिकोमध्ये दिवसाला दहा ग्रॅम सुक्या मालाचा काढा देऊन पाहिलेला आहे, पण तो चार आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली, प्रेशरच्या गोळीच्या जागी दिलेला. गोळीच्या जोडीला दिलेला नव्हे.

घरी बारीक काटा नसेल तर वाण्याकडून किंवा सोनाराकडून दहा ग्रॅम मोजून आणा आणि कागदावर सारखे आठ ढीग करा. एक ढीग, एक कप. ढीग छोट्या पुड्यांत बांधून ठेवलेत तर रोज अंदाज करावा लागत नाही. बागेत अंबाडी असेल आणि ताजी वापरायची असेल तर साधारण दहा किलो ताज्या मालाचा एक किलो सुका होतो, या हिशेबाने बारा ग्रॅम ताजी आवरणं म्हणजे एक कप.

२४० मिली पाणी उकळून गॅस बंद करा. पुडी टाका, झाकण ठेवा, सहा मिनिटांनी गाळा. पुन्हा उकळू नका, आणि तोच चोथा पुन्हा वापरू नका, कारण दुसऱ्या वेळी किती उतरलं ते मोजता येत नाही. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं. रस आंबट आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तो धातू उतरवतो. आंबट लागतो म्हणून मीठ घालणारे मी पाहिलेत, म्हणजे सोलकढीची सवय. प्रेशरसाठी घ्यायचा तर मीठ अजिबात नको. साखर घातलीच तर अर्धा चमचा. प्यायल्यावर पाण्याने चूळ भरा, नाहीतर रोजच्या आंबटाने दात आंबतात.

आपल्या पावसात माल जपणं हे वेगळंच काम आहे. जून ते सप्टेंबर उघड्या पाकिटातली अंबाडी पंधरा दिवसांत मऊ पडते आणि तिला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. तुकडा मोडताना कट् असा न मोडता वाकला, किंवा कुबट वास आला, तर सगळी बाटली टाकून द्या. उन्हात पुन्हा वाळवून वापरू नका.

पहिले दोन आठवडे दिवसाला एकच कप, दुपारी चारच्या सुमारास. सकाळच्या गोळीसोबत नको, म्हणजे दोघांचा जोर एकाच वेळी पडत नाही. रात्री नको, कारण लघवीला उठावं लागतं आणि अंधारात अर्धवट झोपेत उठतानाच माणूस पडतो. रोज सकाळ-संध्याकाळ बसून, आणि आठवड्यातून दोनदा उभ्याने मोजत राहा. दोन आठवड्यांनी उभ्याचा आकडा ठीक असेल, भोवळ नसेल आणि सरासरी अजून १३५ च्या वर असेल तरच दुसरा कप, सकाळी अकराला. गोळी घेणाऱ्यांनी दोन कपांच्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. बिनगोळीच्या माणसाने तीनपर्यंत.

सहा आठवड्यांनी हिशेब करा. सरासरी तीन-चारनेही उतरली नसेल तर चहा तुमच्या कामाचा नाही, मात्रा वाढवू नका. उतरली असेल तर हेही माहीत असू द्या की चहा थांबवला की काही दिवसांत प्रेशर परत चढतं. इराणमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा दिवस चहा दिला आणि मग थांबवला. तीनच दिवसांत आकडे वर जाऊ लागले होते. म्हणून गावी गेले, पंधरा दिवस चहा राहिला, आल्यावर एकदम दोन कप, असं नको. पुन्हा एका कपापासून.

सांधेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हा चहा घेतल्यावर ते औषध लघवीवाटे कमी बाहेर पडतं असं निरोगी माणसांमध्ये दिसलं आहे. त्यातून डायक्लोफेनॅक स्वतः प्रेशर वाढवतं आणि टेल्मिसार्टनसोबत मूत्रपिंडावर ताण आणतं. या तिघांची गाठ एका पोटात पडू देऊ नका.

प्रेशर खाली गेलंय हे कसं ओळखायचं

वाढलेलं प्रेशर बहुधा गप्प असतं, पडलेलं बोलतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी, पाय कापसाचे झाल्यासारखे वाटणं, जांभया, थंड घाम, मळमळ, कारणाशिवाय थकवा. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी फक्त गोंधळल्यासारखं वागणं किंवा दुपारभर झोपून राहणं. घरची माणसं याला वय म्हणतात, ऊन म्हणतात, मावशींसारखं मानेचं दुखणं म्हणतात. फरक असा ओळखा: मानेमुळे किंवा कानामुळे येणारी चक्कर बहुतेक वेळा डोकं वळवल्यावर, कुशीवर वळल्यावर येते आणि खोली गरगरते. प्रेशरची भोवळ उठून उभं राहिल्यावर येते, खोली फिरत नाही, डोळ्यांपुढचं जग फिकं पडतं, आणि आडवं पडलं की मिनिटभरात बरं वाटतं.

मावशींचं मी तिथेच मोजलं. बसून ११२/७०, नाडी ७८. कोणीही म्हणेल, छान आहे. उभं केलं. एका मिनिटाने ९४/६०, नाडी ९६, आणि हाताने टेबल धरलं. तीन मिनिटांनी ९२/६०. वीसने पडलं होतं. त्यांच्या जुन्या वहीत चहाआधीचे आकडे १४२/८६ च्या आसपास होते.

आता चहाने एकट्याने तीस उतरवले असं म्हणू नका. तो महिना मे होता, अंगातून घाम वाहत होता. चहासोबत त्यांनी सुकी मासळी, लोणचं आणि भातातलं मीठही सोडलं होतं. त्यात एकादशीचा उपवास झाला. गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड मीठ-पाणी बाहेर काढतच होतं. या सगळ्यावर आठ ग्रॅमचा काढा. एकेक करून प्रत्येक गोष्ट पेलली असती, पाचही एकदम आल्या. आपल्याकडे हे चित्र एप्रिल-मेमध्येच जास्त दिसतं. म्हणून उन्हाळ्यात, तसंच जुलाब-उलटी, ताप किंवा कडक उपवास असेल त्या दिवशी चहा बंद ठेवावा, सगळं ठीक झाल्यावर दोन दिवसांनी पुन्हा. संध्याकाळी दारू घेणार असाल त्या दिवशीही नको.

भोवळ आली तर उभं राहून सावरायचा प्रयत्न करू नका. असाल तिथे बसा, जमलं तर आडवं पडा आणि पाय उशीवर घ्या. पूर्ण शुद्ध असेल तर घोटघोट पाणी. पंधरा मिनिटांनी मोजा. त्या दिवसापासून चहा बंद. चहा आधी थांबवायचा, गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. पुढचा डोस घ्यायचा की नाही ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा आणि उभ्याचे आकडे सांगा. लिंबू-मीठ-पाणी लगेच पाजायची आपली सवय आहे. हृदय कमजोर असलेल्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते विचारल्याशिवाय देऊ नका.

आडवं पडूनही वरचा आकडा ९० च्या खाली राहिला, शुद्ध गेली, छातीत दुखू लागलं, बोलणं जड झालं, पडताना डोक्याला लागलं, किंवा शौच काळी झाली, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. छातीत दुखणं, बोलणं जड होणं आणि काळी शौच, या तिन्हींत कारण चहापेक्षा वेगळं आणि मोठं असू शकतं.

मावशींना त्याच संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं. सोडियम १३२ आलं, थोडं कमी, बाकीचं बरोबर. चहा बंद झाला, गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड काढून नुसतं टेल्मिसार्टन ठेवलं, आणि मीठ पूर्ण तोडायची गरज नाही असं समजावलं. पाचव्या दिवशी बसून १२६/७८, उभ्याने १२०/७६. भोवळ गेली. तीन आठवड्यांनी बसून १३४/८२. पाऊस स्थिरावल्यावर, जुलैमध्ये, डॉक्टरांच्या परवानगीने मोजलेला एक कप दुपारचा सुरू केला. त्या आता पुडी बांधून घेतात.

गरोदरपणात का नाही

मावशींची वही पाहताना त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "सूनही घेते माझ्याबरोबर. तिला पाचवा महिना, साध्या चहाने जळजळते तिला." मला मावशींच्या भोवळीपेक्षा हे ऐकून जास्त धडकी भरली. या चहात कॅफीन नाही हे खरं. पण तेवढ्याने तो गरोदर बाईचा होत नाही.

आधी दासणीचं. जास्वंदीची फुलं अडलेली पाळी यावी म्हणून देण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काने गर्भ रुजण्यात अडथळा आल्याचं दिसलं आहे. माणसात नेमकं काय होतं ते कोणी मोजलेलं नाही, मोजता येणारही नाही. 'अंगणातलंच फूल' म्हणून घरोघरी जो काढा होतो तो बहुधा दासणीचा, म्हणून गरोदर बाईच्या घरात ही ओळख सर्वांत महत्त्वाची.

लाल अंबाडीबद्दल उंदरांमध्ये असं दिसलं की गरोदरपणात तिचा अर्क पाजलेल्या माद्यांची पिल्लं उशिरा वयात आली. अंगावर पाजण्याच्या काळात दिल्यावरही तसंच आढळलं, म्हणून बाळंतिणीलाही मी नको म्हणते. उंदरावरून माणसाचं ठरत नाही हे मान्य. पण दुसऱ्या बाजूला, हा चहा ज्या वाटेने प्रेशर उतरवतो त्याच वाटेवरच्या गोळ्या, एनालाप्रिल आणि टेल्मिसार्टनसारख्या, गरोदरपणात पूर्ण वर्ज्य आहेत. त्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात आणि गर्भजल कमी करतात. चहा तेवढं करतो असं सिद्ध झालेलं नाही. करत नाही असंही कोणी दाखवलेलं नाही. नऊ महिन्यांसाठी एक पेय सोडणं यात काही हातचं जात नाही.

तिसरं कारण रोजच्या जगण्यातलं आहे. पहिल्या सहा महिन्यांत गरोदर बाईचं प्रेशर निसर्गतःच खाली येतं. वरचा आकडा शंभराच्या आसपास असणं सर्वसाधारण. त्यावर आणखी उतरवणारं काही घेतलं तर भोवळ, आणि पडली तर पोटाला मार.

आणि चौथं, जे मला सगळ्यांत गंभीर वाटतं. पाचव्या महिन्यानंतर प्रेशर वाढलं तर "गोळी नको बाळाला, फुलांचा चहा घे" असं घरातलंच कोणीतरी प्रेमाने सांगतं. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं तर ते प्री-एक्लॅम्पसियाचं लक्षण असू शकतं. त्यात नुसता आकडा वाढलेला नसतो, वार, मूत्रपिंड, यकृत सगळ्यांवर परिणाम चालू असतो. चहाने आकडा पाच-सातने खाली दिसला तरी आतला आजार तसाच पुढे जातो, आणि तपासणीला जायचे दिवस वाया जातात. गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या आहेत: लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा. त्या डॉक्टर देतील, लघवीतलं प्रथिन तपासतील. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, यांतलं काहीही असेल तर त्याच तासाला दवाखाना. १६०/११० ला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी.

ज्यांची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू आहे आणि मूल हवं आहे, त्यांनी दिवस राहण्याची वाट न पाहता आधीच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी.

सुनेला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. घाबरलेली आली. तिने दहा-बारा दिवस अर्धा-अर्धा कप घेतला होता, माल लाल अंबाडीचाच. रक्तस्राव नाही, पोटात कळा नाहीत, बाळाची हालचाल नुकती जाणवू लागलेली. प्रेशर बसून १०४/६४, उभ्याने १००/६२. एवढ्याने बाळाला काही झालं असं समजायचं कारण नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण अशा वेळी बाई अपराधी वाटून घेते आणि पुढच्या तपासणीत काहीच सांगत नाही. चहा बंद करायचा, आणि किती दिवस, किती घेतला ते कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हातात द्यायचं, एवढंच करायला सांगितलं. रक्तस्राव, कळा किंवा शुद्ध हरपणं यांतलं काही असतं तर मात्र मी तिला भेटीची वाट पाहू दिली नसती.

"मग चारला काय घेऊ?" तिने विचारलं. जळजळ असेल तर आंबट मुळात नकोच, मी म्हटलं. कोमट दूध घे, नाहीतर शहाळं फोडून घे. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी घरी जाऊन अंबाडीची बाटली सुनेच्या चहाच्या डब्याशेजारून उचलली आणि आपल्या गोळ्यांच्या डब्यात ठेवली.